बुडाचं फूल

अण्णांनी ते जांभळं फळ उचललं, तळहातावर उलटं केलं, बुडाकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "सहा." समोरच्या बाईला मराठी येत नव्हतं आणि अण्णांना थाई. तिनं फळ त्यांच्या हातून घेतलं, दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून हलकेच दाबलं. साल मधोमध चिरली, वरची अर्धी वाटी टोपीसारखी निघाली आणि आत लसणाच्या गड्ड्यासारख्या बसलेल्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दिसल्या. मोजून सहा. बाई हसली. अण्णांनी लगेच दुसरं उचललं, उलटं केलं, पंजा दाखवला. "हा," बाई म्हणाली. थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात हे वहिनींना कुठून ठाऊक असणार! त्यांना वाटलं 'हा घ्या' म्हणतेय, आणि त्या पर्स उघडायला लागल्या. तेही फळ फुटलं. पाकळ्या पाचच होत्या, पण दोन पाकळ्या पांढऱ्या नव्हत्या, काचेसारख्या आरपार दिसत होत्या आणि एकीच्या कडेला हळदीच्या रंगाचा चिकट डाग होता. अण्णांनी डागाजवळचा तुकडा चाखला आणि तोंड वाकडं केलं. कडू. बाईनं मान हलवत ते फळ खालच्या बादलीत टाकलं आणि दुसरं पुढं केलं.

आकडा बरोबर आला आणि फळ फसलं.

हे अण्णांच्या मनातून जाईना. सोलापुरात परतल्यावर शेंगाचटणी आणि कडक भाकरी उरली का, विमानात झोप लागली का, असल्या चौकशा चालू असताना ते मध्येच म्हणायचे, "पाच बरोबर होतं की ओ." अण्णांची मार्केट यार्डात डाळिंबाची आडत. हस्त बहाराचा माल संपलेला आणि आंबे बहाराचा अजून यायचा, अशा मेअखेरच्या सुट्टीत ते वहिनींना घेऊन बँकॉकला गेले. सहलवाल्यांनी मोकळा सोडलेल्या सकाळी लोक कपडे घ्यायला चतुचकच्या गर्दीत शिरले आणि हे दोघं रस्त्यापलीकडच्या ओर तोर कोर बाजारात. तिथं फरशी पुसलेली, दुरियनच्या फोडी पारदर्शक डब्यांत, रंबुतानचे केसाळ घोस बांधून ठेवलेले. रंबुतान अण्णांनी एका नजरेत लिचीच्या खात्यात टाकलं. त्यात मोठंसं काही नाही, साल सोललेलं एक फळ समोरच ठेवलं होतं. अडले ते या जांभळ्या फळापाशी, कारण ते एकही फोडून ठेवलेलं नव्हतं. नुसते ढीग होते.

त्या ढिगापाशी 'सहा' म्हणायच्या आधी गेलेली दहा मिनिटं मला त्या आकड्यापेक्षा जास्त मोलाची वाटतात. अण्णांनी फोन काढला नाही, पाटीवरची अक्षरं वाचता येत नव्हती आणि बाईला विचारण्याची सोय नव्हती. हातात होतं फक्त फळाचं रूप. मुठीत मावेल एवढा गोल, फार तर लहान टेनिसच्या चेंडूएवढा. साल गुळगुळीत, पण सफरचंदासारखी चकाकणारी नाही, जुन्या चामड्यासारखी. रंग पिकल्या जांभळासारखा, काही फळं लालसर, काही जवळपास काळी. देठाशी चार जाड, हिरवट, वाटीसारख्या पाकळ्या. आणि बरोबर विरुद्ध टोकाला, बुडाशी, सालीला चिकटलेलं तपकिरी, चपटं, छोटंसं फूल, सुताराच्या पटाशीनं कोरल्यासारखं.

पहिल्यांदा कुणालाही वांगं आठवेल. वहिनींनाही तेच आठवलं. जांभळा रंग, देठाला हिरवी टोपी. पण अण्णांचं म्हणणं असं की वांग्याची टोपी एकसंध असते, टोकाला पाच दाते, आणि बऱ्याचदा वर काटे. इथं चार पाकळ्या सुट्या होत्या आणि सारख्याही नव्हत्या. समोरासमोरच्या दोन बाहेरून, उरलेल्या दोन आतून, फुलीसारख्या बसलेल्या. पुड्याची चार टोकं दुमडताना आधी दोन आणि मग आडवी दोन, तशी. पाचाचं गणित आणि चाराचं गणित ही वेगवेगळी घराणी. वांगं, टोमॅटो, मिरची, धोत्रा या सगळ्यांची फुलं पाचाच्या हिशेबात चालतात. चारावर चालणारं म्हटल्यावर त्यांना दुसरं आठवलं ते टेंभुर्णीचं फळ. आपल्याकडं टेंभुर्णी म्हटलं की लोकांना माढा तालुक्यातलं गाव आठवतं, पण ते नाव ज्या झाडाचं, त्याच्या पिवळ्या फळालाही देठाशी अशीच टोपी असते. त्याचा परदेशी भाऊ पर्सिमन, त्याला तर ठळक चार पाकळ्यांची. मग हे जांभळं टेंभुर्णी म्हणायचं का? अण्णा म्हणाले, नाही, कारण बूड. टेंभुर्णीच्या बुडाशी फार तर एक बारीक टोक असतं. असं कोरीव फूल नसतं.

ही उलटसुलट बघायची सवय डाळिंबामुळं लागलेली. डाळिंबाचा मुकुट देठाशी नसतो, देठाच्या विरुद्ध टोकाला असतो. क्रेटमध्ये फळं मुकुटाकडून पाहायची आपल्याला इतकी सवय की तेच त्याचं डोकं वाटतं, पण झाडावर ते लोंबतं तेव्हा मुकुट जमिनीकडं. डाळिंबाचं फळ फुलाच्या खाली धरतं. फूल त्याच्या माथ्यावर, म्हणून फुलाच्या त्या जाड पाकळ्या फळाच्या टोकाला राहतात आणि आत सुकलेले केसर सापडतात. पेरूचंही असंच, बुडाशी तो सुकलेला चेहरा फुलाचाच. वांग्याचं उलट. तिथं फळ फुलाच्या पोटात वाढतं, म्हणून खालच्या हिरव्या पाकळ्या देठाशीच राहतात आणि फळ त्यांच्यातून बाहेर पडतं. घरात पेरू आणि वांगं शेजारी ठेवून पाहा, मग कुठल्याही अनोळखी फळाला पहिला प्रश्न हाच विचारता येतो: तुझं फूल देठाकडं राहिलं की शेंड्याला?

जांभळ्या फळाचं उत्तर दोन्हीकडं होतं. देठाशी चार पाकळ्या, म्हणजे फळ फुलाच्या पोटातलं, डाळिंबाच्या जातीचं नाही. मग बुडाशी जे उरलंय ते दुसरं फूल कसलं? ते फुलाचा शेंडा असणार. स्त्रीकेसराचं टोक, ज्याला पुस्तकात कुक्षी म्हणतात, जिथं परागकण येऊन बसायचे. एरवी ते झडून जातं किंवा वाळून काडी होते. इथं ते सालीवर जसंच्या तसं राहिलेलं, आणि त्याला पाकळ्यांसारखे भाग होते. एका फळाला सहा, शेजारच्याला पाच, एकाला सात.

आकडे फळागणिक बदलत होते, तरी देठाच्या पाकळ्या सगळीकडं चारच. इथं अण्णांचा हात थांबला.

कारण असलं मोजमाप त्यांनी आधी पाहिलेलं होतं. संत्र्याच्या देठाचं छोटं हिरवं बटण नखानं उचकटलं की खाली बारीक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते ठिपके म्हणजे आतल्या फोडींना रस पोचवणाऱ्या नळ्यांची तोंडं. मोजा, बहुतेक वेळा आत तेवढ्याच फोडी निघतात. यार्डातली पोरं यावर चहाची पैज लावतात. भेंडीच्या धारा मोजल्या की आडव्या चकतीत तेवढेच कप्पे. फळाच्या आत जेवढी घरं, तेवढ्या खुणा बाहेर कुठंतरी असतात. डाळिंबात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण मुकुटाची टोकं ही बाहेरच्या पाकळ्या आहेत, आतल्या घरांच्या खुणा नाहीत. त्यांचा कप्प्यांशी हिशेब जुळत नाही. म्हणजे कुठली खूण मोजायची हेही कळायला पाहिजे. अण्णांनी देठाच्या चार पाकळ्या सोडल्या आणि बुडाचं फूल धरलं, ते या कारणानं. कुक्षीचा एकेक भाग आतल्या एकेका घराशी जोडलेला असणार, आणि घरं कमीजास्त असल्यामुळंच आकडा बदलतोय. म्हणून "सहा."

ते मँगोस्टीन होतं. थाई भाषेत मांगखुत. बुडाच्या पाकळ्यांएवढ्या आत फोडी हा नियम त्यात खरंच इतका पक्का आहे की तिकडची लहान मुलंही त्यावर खेळतात. फोडी साधारण चार ते आठ. त्यातल्या एकदोन फुगलेल्या असतात आणि बी सापडतं ते त्यांतच. म्हणून घेणारा शहाणा असेल तर एकाच आकाराच्या फळांतून बुडाशी जास्त पाकळ्या असलेलं उचलतो. तेवढीच जागा जास्त फोडींत वाटली जाते, फोडी बारीक निघतात आणि बी नसलेल्या जास्त मिळतात. मोठं फळ आणि बुडाशी चारच पाकळ्या म्हणजे तोंडात बी येण्याची तयारी ठेवायची.

नाव कळायच्या आधी वहिनींनी कुळ ओळखलं होतं, आणि तेही एका डागावरून. ढिगातल्या काही फळांच्या सालीवर पिवळ्या डिंकाचे सुकलेले थेंब होते, हळदीत कालवल्यासारखे. वहिनींचं माहेर सावंतवाडीकडचं. मे महिन्यात माहेरी अंगणात रातांबे फोडायला बसलं की बोटांना असाच पिवळा चीक लागतो, आणि रातांब्याच्या देठाशीही चारच पाकळ्या. "हे कोकमाचं कुणीतरी आहे," हे त्याच म्हणाल्या. दोन्ही एकाच गार्सिनिया वंशातली. फरक एवढाच की आपण कोकमाची साल ठेवतो, सुकवून आमसूल करतो. मँगोस्टीनचा गर खायचा आणि पाऊण सेंटिमीटरच्या आत-बाहेरची जाड, तुरट साल टाकायची. फळाच्या वजनातला जेमतेम तिसरा हिस्सा खायला मिळतो. डाळिंबाच्या आडत्याला हा हिशेब फार बोचला.

आता फसलेल्या पाचाकडं येऊ. कारण मोजणं ही फळाची रचना झाली. तब्येत वेगळी.

काचेसारखी फोड आणि पिवळा कडू डाग, हे दोन्ही मँगोस्टीनचे जुने रोग म्हणायला हवेत, पण ते कुठल्या जिवाणूचे किंवा बुरशीचे नाहीत. ते पाण्याचे आहेत. फळ पक्व होत आलेलं असताना कोरड्यानंतर एकदम जोराचा पाऊस झाला की झाड भरभर पाणी ओढतं. गराच्या पेशींत पाणी घुसतं आणि पांढरा, मऊ, आंबटगोड गर आरपार, कचकचीत आणि पाणचट होतो. सालीत आणि गराभोवती चिकाच्या बारीक नळ्या असतात, त्याही त्या ताणानं फुटतात. चीक बाहेरच्या बाजूला आला तर सालीवर थेंब दिसतो. तो निव्वळ दिसायला वाईट, चाकूनं खरवडला की झालं. आत फुटला तर फोडीवर पिवळा डाग पडतो आणि ती कडू होते. कॅल्शियम कमी पडलं की नळ्यांच्या भिंती अजूनच कमकुवत. हे ऐकताना अण्णा एकदम जमिनीवर आले, कारण ही गोष्ट त्यांना पाठ होती. सांगोल्याच्या बागेत ताण दिलेल्या झाडाला एकदम मोकळं पाणी सोडलं, किंवा काढणीच्या तोंडावर वळीव कोसळला की डाळिंब तडकतं. आत दाणे फुगतात, साल मागं राहते. डाळिंब फुटून आपली व्यथा बाहेर दाखवतं. मँगोस्टीनची साल इतकी जाड की ते आतल्या आत फुटतं आणि वरून गुळगुळीत राहतं. तोच रोग, फक्त तोंड दाबून.

म्हणजे रूपावरून हे कळतच नाही का? थोडं कळतं. अण्णांनी त्या बाईकडून ११ फळं घेतली, एक किलोला जरासं जास्त, आणि उचलताना कुठल्या खुणा धरल्या त्या सांगण्यासारख्या आहेत. आधी अंगठा. चांगल्या फळाची साल दाबली की किंचित दबते, जुन्या रबरी चेंडूसारखी. दगडासारखी कडक लागली तर ते फळ सोडायचं. बाहेरून तसं फळ छान जांभळं असतं, पण कुठंतरी पडलेलं किंवा जुनं झालेलं. मँगोस्टीन वीतभर उंचीवरून पडलं तरी मार लागलेल्या जागी साल काही तासांत लाकडासारखी होते, जखमेभोवती लाकडातलं लिग्निन साठतं. म्हणून तिकडं झाडावरून काढताना बांबूच्या टोकाला पिशवी बांधतात, फळ जमिनीवर पडू देत नाहीत. आपल्या डाळिंबाला मार लागला तर डाग पडतो आणि आठवड्यानं कळतं. याचं उलट, मार लागलेली जागा मऊ व्हायच्या ऐवजी कडक होते. हे ध्यानात नसेल तर माणूस 'कडक म्हणजे ताजं' समजून नेमकं वाईट फळ निवडतो. पेरू घेणाऱ्याची सवय इथं घात करते.

मग देठ. देठाच्या पाकळ्या हिरव्या, तुकतुकीत, न सुकलेल्या पाहिजेत. त्या तपकिरी पडून कडेनं कुरकुरीत झाल्या म्हणजे फळाला बरेच दिवस झाले. मग रंग, आणि रंगावर फार विश्वास ठेवायचा नाही. मँगोस्टीन काढतात ते फिक्या पिवळसर सालीवर गुलाबी ठिपके उमटायला लागले की. पुढं ते टोपलीतच गुलाबी, लाल, तपकिरी, जांभळं होत सुमारे सहा दिवसांत काळपट होतं. म्हणजे जांभळा रंग पिकल्याची खूण आहे, पण झाडावर पिकलं की टोपलीत, हे तो सांगत नाही, आणि काल जांभळं झालं की गेल्या पंधरवड्यात, हे तर अजिबात नाही. लालसर जांभळं आणि अंगठ्याला दबणारं, हा जोड बघायचा. डाळिंबात आपण रंगाला भुलत नाही, गोल फळाला पैलू पडले का ते हातानं बघतो. तेच.

या तीन खुणांनी कडक फळं टळतात. काचेची फोड टळत नाही. त्यासाठी बाजारात करता न येणारी एक चाचणी आहे, आणि ती अण्णांनी हॉटेलात केली. हॉटेलच्या लिफ्टजवळ दुरियनच्या चित्रावर फुली होती आणि तिच्याच शेजारी मँगोस्टीनच्या चित्रावरही. दुरियनचं कारण वास. मँगोस्टीनचं कारण डाग. सालीचा तो जांभळा रस चादरीला लागला की निघत नाही. वहिनींनी त्या पाटीकडं आणि मग नवऱ्याकडं बघितलं. अण्णा फळांची पिशवी पोटाशी धरून सरळ न्हाणीघरात गेले आणि बेसिनचं भोक टोपणानं बंद करून पाणी भरलं.

निरोगी मँगोस्टीन पाण्यावर तरंगतं. साल भरीव असली तरी हलकी आणि गराभोवती थोडी पोकळी. ज्याच्या गरात पाणी भरलेलं ते जड होतं आणि बुडतं. थायलंडमधे निर्यातीचा माल वेगळा करताना ही युक्ती वापरतात. सकाळी दोन खाल्ली होती, उरलेली नऊ बेसिनमध्ये सोडली. सात तरंगली, दोन खाली बसली. बुडालेली दोन्ही फोडली, एकात तीन फोडी काचेच्या, दुसऱ्यात सगळ्याच. तरंगलेल्या सातांपैकी सहा पांढरीशुभ्र निघाली. सातव्यात गर ठीक होता, पण एका फोडीच्या पाठीवर तो हळदीचा डाग. पाण्यानं वजन ओळखलं, चीक ओळखला नाही, कारण थेंबभर चिकानं फळ जड होत नाही. तो आत आहे की नाही हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि तिकडचे शेतकरीही या बाबतीत पावसापुढं हात टेकतात. बुडाचं फूल मात्र नऊच्या नऊ वेळा खरं बोललं. अण्णांनी टिश्यूच्या कागदावर रेघा मारून हिशेब ठेवला होता, लिलावात पट्टी लिहितात तसा. तो कागद वहिनींनी परत येताना पासपोर्टमध्ये घातला.

फोडायची रीतही त्यांनी पहिल्या बाईकडूनच उचलली. चाकू लावायचा असेल तर साल फक्त मधोमध गोल, चिरण्यापुरती कापायची आणि दोन्ही भाग उलट्या दिशेनं पिळायचे. खोल गेला की चाकू फोडी कापतो आणि सालीचा तुरटपणा गराला लागतो. चाकूपेक्षा तळवे बरे. बोटं एकमेकांत गुंतवून, फळ तळव्यांच्या फुगवट्यांमध्ये धरून दाबायचं. ताजं असेल तर साल लगेच चिरते. चिरलीच नाही तर समजायचं की ते कडक झालेलं आहे, जोर करू नये. एका फळावर अण्णांनी जोर केला आणि रस आरशावर उडाला. तो पुसण्यात वहिनींचा अर्धा तास गेला. पाटीची आठवण त्यांनी त्या अर्ध्या तासात किती वेळा करून दिली, ते अण्णा सांगत नाहीत.

बी आणायचा विचार आला नाही असं नाही. शेतीतल्या माणसाच्या खिशात बी जातंच. पण ताजी फळं आणि बिया परवानगीशिवाय विमानातून आणता येत नाहीत. आणि आणली असती तरी ही बी आपल्या ज्वारीच्या बीसारखी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. वाळली की मेली. शिवाय तिची एक गंमत आहे. मँगोस्टीनच्या फुलाला परागाची गरजच लागत नाही. बी नराशिवाय, आईच्याच अंगातून तयार होतं, त्यामुळं रोप म्हणजे आईची जवळपास नक्कल. बुडाशी इतकं सुंदर जपून ठेवलेलं ते फूल, ज्याच्यावर पराग बसायला हवेत, त्याच्यावर कुणी बसण्याची फळाला वाटच बघायची नसते. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "मग ते ठेवलंय कशाला?" अण्णांनी खांदे उडवले. मोजायला.

रोप लावलं तरी पहिलं फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात आणि त्याला हवेत ओल पाहिजे, कोवळेपणी सावली पाहिजे, वर्षभर पाणी पाहिजे. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं. डाळिंबाला हेच मानवतं, मुरमाड जमीन, कोरडी हवा. हवेत ओल वाढली की उलट त्याच्यावर तेल्या रोग येतो. एकाचं जे औषध ते दुसऱ्याचं विष. अण्णांनी या विषयावर फार वेळ घालवला नाही, मीही घालवत नाही.

पण एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण अण्णांची ही गोष्ट ऐकून यार्डातल्या एका पोरानं रानातलं कुठलंसं फळ देठ मोजून तोंडात घातलं. नशिबानं नुसतीच जीभ आखडली. रूपावरून घर कळतं, कधी कुळ कळतं, खाण्याजोगं आहे की नाही हे कळत नाही. वांगं आणि धोत्रा दोन्ही पाचाचे, हे विसरायचं नाही. अण्णांनी पहिलं फळ तोंडात घातलं ते बाजारात, किलोवर विकलं जात असताना, आणि विकणारीनं आधी फोडून दाखवल्यावर. ढिगाभोवती माणसं पिशव्या भरून नेत होती, हीसुद्धा एक खूणच, आणि बुडाच्या फुलापेक्षा मोठी.

गेल्या आठवड्यात लक्ष्मी मंडईजवळच्या एका फळवाल्यानं मँगोस्टीन आणले होते. फोमच्या जाळीत एकेक फळ, सहांचा डबा, किंमत विचारून लोक पुढं जात होते. अण्णा आणि वहिनी दोघंही होते. फळवाला सांगत होता, "एकदम कडक माल, काका, बघा." अण्णांनी अंगठा लावला. फळ दगड. देठाच्या पाकळ्या तपकिरी, कडेनं मुडपलेल्या. दुसरं तसंच, तिसरंही. त्यांनी डबा खाली ठेवला. फळवाला म्हणाला, "अहो, वाजवून बघा की." वहिनींनी डब्यातून एक फळ जाळीसकट उचललं, उलटं केलं, चष्मा वर सरकवून बुडाकडं बघितलं.

"सात आहेत," त्या म्हणाल्या. आणि फळ परत ठेवून दिलं.